चार चौकोन आखून झाले, पण आता आधी काय करू?

गोदाकाठ | ३ नोव्हेंबर, रात्री १०:४०

दिवाळी संपली आणि तुंबलेली कामं अंगावर आली. काल रात्री मुलीच्या वहीचं मागचं पान फाडून त्यावर तो प्रसिद्ध चौकोन आखला. तातडीचं आणि महत्त्वाचं, महत्त्वाचं पण तातडीचं नाही, तातडीचं पण महत्त्वाचं नाही, आणि दोन्ही नाही. कामं भरताना बरं वाटलं. भरून झाल्यावर मात्र तशीच बसून राहिले, कारण पहिल्या चौकोनातच तीन कामं आहेत आणि आज कोणतं उचलायचं ते पान सांगत नाही.

पहिल्या चौकोनात: गाडीचा विमा (१४ तारखेला संपतोय), आमच्या बाथरूममधून खालच्यांच्या छताला आलेली ओल (९ तारखेच्या रविवारपर्यंत बघतो असं त्यांना सांगून बसलेय), आणि बाबांचा हयातीचा दाखला. बाबा रेल्वेतून निवृत्त, वय ८१, भुसावळला असतात. मुदत ३० नोव्हेंबर.

दुसऱ्यात: सासऱ्यांच्या शेतीची वारस नोंद (ते २८ ऑगस्टला गेले) आणि माझी दाढ. डॉक्टरांनी जूनमध्येच सांगितलं होतं की कीड आहे, भरून घ्या.

तिसऱ्यात: सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त (मी सेक्रेटरी आहे, हौस फार!) जे एका सभासदांना १० तारखेला हवंच आहे, आणि मुलीचा संमेलनाचा ड्रेस. तो १२ तारखेला रात्री तयार हवा, कारण १३ ला रंगीत तालीम आहे. मी घरीच शिवणार आहे.

चौथ्यात: माळ्यावरच्या फोटोंच्या पेट्या.

मी नाशिकला एका शाळेच्या ऑफिसात आहे, शनिवारीही शाळा असते. माझ्या हातात रोज रात्रीचा एक तास आणि रविवारचे तीन तास, बस. क्रम कसा लावता तुम्ही लोक?

---

दादर_फास्ट | ३ नोव्हेंबर, रात्री ११:०५

सोपं आहे ताई. पहिला चौकोन पूर्ण रिकामा करायचा, मग दुसरा. तिसरा दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा आणि चौथा फाडून टाकायचा. आयसेनहॉवरने महायुद्धात हीच पद्धत वापरली होती, त्यानेच हा चौकोन काढला. तो नॉर्मंडीची चढाई करू शकतो तर आपल्याला गाडीचा विमा जमेल की.

---

नोंदवही | ३ नोव्हेंबर, रात्री ११:३०

दादर, चौकोन त्याने काढलेला नाही. अमेरिकेचा अध्यक्ष असताना १९ ऑगस्ट १९५४ रोजी इलिनॉयमधल्या इव्हॅन्स्टन इथे चर्चच्या जागतिक परिषदेपुढे त्याचं भाषण झालं. त्यात, माझ्यापुढे दोन प्रकारचे प्रश्न असतात, तातडीचे आणि महत्त्वाचे, अशा अर्थाचं वाक्य आहे, आणि तेही एका माजी कॉलेज अध्यक्षाचं म्हणून त्याने सांगितलंय. चार खान्यांची आकृती घरोघरी पोचली ती १९८९ नंतर, स्टीफन कव्हीच्या पुस्तकामुळे.

गंमत अशी की त्या वाक्याचा पुढचा भाग असा आहे: तातडीचे प्रश्न महत्त्वाचे नसतात आणि महत्त्वाचे कधीच तातडीचे नसतात. म्हणजे मूळ वाक्यात ताईंचा पहिला चौकोन अस्तित्वातच नाही!

---

कोथरूडचे_आजोबा | ४ नोव्हेंबर, सकाळी ५:५०

गोदाकाठ यांस, तुमच्या वडिलांच्या दाखल्याविषयी. वय ८१ असेल तर त्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येत होता. केंद्राच्या निवृत्तिवेतनधारकांना ८० वर्षांनंतर ही सवलत आहे, नोव्हेंबरची वाट पाहावी लागत नाही. बँकेत जाण्याचीही आवश्यकता नाही. अँड्रॉइड फोनवर जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी अशी दोन ॲप घ्यावीत, चेहरा दाखवावा, काम होते. पीपीओ क्रमांक आणि निवृत्तिवेतनाचा खाते क्रमांक समोर ठेवावा. उजेड चेहऱ्यावर हवा, पाठीमागून नको. माझे दोनदा फसले ते पाठीमागे खिडकी असल्यामुळे. ॲप चालवणारे कोणी नसेल तर पोस्टमनला घरी बोलावता येते, थोडे शुल्क घेतात.

बाकी ते चौकोन वगैरे मला समजले नाही. दाखला आजच करून टाका.

---

चाकणचा_प्लॅनर | ४ नोव्हेंबर, दुपारी १:१५

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. मी वीस वर्षं प्रॉडक्शन प्लॅनिंगमध्ये आहे. कुठला पार्ट कोणत्या मशिनवर आधी चढवायचा, हे ठरवणं हाच माझा पगार.

ताई, चौकोन चाळणीसारखा असतो. काय ठेवायचं आणि काय सोडायचं एवढंच तो सांगतो. क्रम लावायला वेगळी माहिती लागते आणि ती तुमच्या पानावर नाहीये. प्रत्येक कामापुढे चार गोष्टी लिहा.

एक, खरी शेवटची तारीख, आणि ती कोणी दिली. दोन, तुमच्या हाताचे तास. तीन, तुमचं काम झाल्यावर दुसऱ्यांकडे ते किती दिवस पडून राहणार. चार, तारीख चुकली तर नक्की काय होतं.

तिसरी गोष्ट सगळे विसरतात. आमच्याकडे काही पार्ट मशिनिंग झाल्यावर बाहेर हीट ट्रीटमेंटला जातात. मशिनवर अर्ध्या तासाचं काम, पण बाहेर चार दिवस. नवीन आलेला सुपरवायझर हमखास मोठे पार्ट आधी चढवतो कारण ते 'महत्त्वाचे' असतात, आणि हे छोटे शेवटी. मग आठवड्याच्या शेवटी सगळे हीट ट्रीटमेंटवाल्याची वाट बघत बसतात. आपल्याकडे थोडं आणि पुढे जास्त काम असलेला पार्ट आधी सोडायचा, हे दोन मशिनींसाठी जॉन्सन नावाच्या माणसाने गणिताने सिद्ध केलंय. तेही १९५४ सालीच, म्हणजे नोंदवहींच्या भाषणाच्या वर्षी.

तुमच्या यादीत हीट ट्रीटमेंटला जाणारं काम कोणतं, ते बघा.

---

गोदाकाठ | ४ नोव्हेंबर, रात्री १०:१०

आजोबा, आधी तुम्हाला नमस्कार. ऑक्टोबरचं माहीतच नव्हतं. आणि मी रविवार मोडून भुसावळला जाऊन यायच्या विचारात होते! बाबांच्या शेजारचा मुलगा कॉलेजात आहे, त्याच्या फोनवर होईल.

प्लॅनरदादा, घ्या:

ओल: ९ तारीख, ३ तास (प्लंबर येईल तेव्हा घरी थांबावं लागेल).
इतिवृत्त: १० तारीख, ४ तास.
ड्रेस: १२ तारीख, ८ तास. घेरदार आहे आणि लेस लावायचीय.
विमा: १४ तारीख, १ तास धरला.
दाखला: ३० तारीख, आता १ तास (शेजारच्या मुलाला फोनवर समजावणं).
वारस नोंद: कागद गोळा करायला ३ तास. तारीख अशी काही नाही.
दाढ: तारीख नाही.

बाहेर पडून राहणारं काम वारस नोंदच असणार, पण त्याची घाई नाहीये ना?

---

सातबारा_उतारा | ४ नोव्हेंबर, रात्री १०:५५

ताई, कोण म्हणतं घाई नाही? कायद्याने वारसांनी तीन महिन्यांत कळवायचं असतं, म्हणजे तुमचे २८ नोव्हेंबरला भरतात. आता खरं सांगतो, तीन महिने उलटले म्हणून आभाळ कोसळत नाही, नोंद नंतरही होते. आमच्या गावात पणजोबांच्या नावाचे सातबारे अजून आहेत. त्रास वेगळाच असतो. मधल्या काळात वारसांपैकी कोणी गेलं की त्यांचे वारस आले, मग सह्यांची जत्रा.

वडील गेल्यावर मी केली तेव्हाचा क्रम सांगतो. मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते-नाती लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, आधारच्या प्रती, सातबारा आणि आठ-अ. अर्ज ई-हक्कवरून ऑनलाइन करता येतो. मग तलाठी (हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, गावात कोणी म्हणत नाही) चौकशी करून वारस नोंदवहीत घेतात, फेरफार धरला जातो, आणि हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते. त्या १५ दिवसांत तुम्ही काहीही करा, ते कमी होत नाहीत. त्यानंतर मंडळ अधिकारी प्रमाणित करतात तेव्हा सातबाऱ्यावर नावं येतात. माझं अर्ज ते सातबारा दीड महिन्यात झालं, आणि ते लवकर झालं म्हणतात.

शेत कोण कसतं तुमचं? त्याला सातबारा कधी लागणार आहे ते विचारा. खरी तारीख त्याच्याकडे आहे.

---

गोदाकाठ | ५ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

दिरांना फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, मला जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पीक कर्जाची फाइल करायचीय, सातबारा लागेलच. तुम्ही शाळेच्या ऑफिसात आहात, कागदाचं तुम्ही बघाल म्हणून मी गप्प होतो." मला हे कोणी सांगितलंच नव्हतं.

---

चाकणचा_प्लॅनर | ५ नोव्हेंबर, दुपारी १:२०

आता उलटं मोजू. १ जानेवारीला सातबारा हातात हवा. सातबारा_उतारा म्हणतात तसे ४५ दिवस मागे या: १७ नोव्हेंबर. त्या दिवशी अर्ज गेलेला हवा. वारस किती?

---

गोदाकाठ | ५ नोव्हेंबर, दुपारी १:४०

सासूबाई, आमचे हे, दीर (पुण्याच्या बाजूला), नणंद (सुरत).

---

चाकणचा_प्लॅनर | ५ नोव्हेंबर, दुपारी १:५५

सुरतेहून आधारची प्रत, नावाचं स्पेलिंग, सही, यासाठी दहा दिवस धरा. म्हणजे ७ नोव्हेंबर. परवा.

घाई नसलेल्या चौकोनातलं काम परवा सुरू झालं नाही तर उशीर झालाच म्हणायचा. आणि तातडीच्या चौकोनातला दाखला आता एका तासाचा आहे, त्याच्या मागे कोणीही वाट बघायला लावणारं नाही, आणि त्याला २५ दिवस आहेत. दोन्ही कामं चुकीच्या घरात बसलीत, कारण तुम्ही तातडी शेवटच्या तारखेवरून मोजली. ती सुरू करायच्या शेवटच्या तारखेवरून मोजायची.

चांगली बातमी अशी की परवापर्यंत तीन तास द्यायचे नाहीयेत. नणंदबाईंना आणि दिरांना आजच एक मेसेज टाका: आधारची दोन्ही बाजूंची प्रत, पूर्ण नाव, पत्ता. दहा मिनिटं. पार्ट हीट ट्रीटमेंटला गेला. तुमचे तीन तास नंतर, कागद आल्यावर.

---

फ्रांकफुर्टची_माई | ५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

माझंही असंच झालं होतं. पासपोर्ट संपायला सात महिने होते म्हणून निवांत होते. मग कळलं की व्हिसा वाढवायला पासपोर्टची मुदत शिल्लक हवी, आणि इथल्या परदेशी नागरिक कार्यालयाची अपॉइंटमेंट दोन महिने नाही. सात महिने होते कुठे? त्यामुळे मी आता सगळंच पहिल्या चौकोनात टाकते.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. तिसऱ्या चौकोनातलं 'दुसऱ्याला द्या' म्हणतात, ते कोणाला? इथे मी, नवरा आणि तीन वर्षांचं पोर. पोराला देऊ?

---

निवांत_बसलोय | ५ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:००

माई, सगळंच पहिल्यात टाकलं तर एकच चौकोन उरला. त्याला यादी म्हणतात.

---

दादर_फास्ट | ५ नोव्हेंबर, रात्री ८:१५

ठीक आहे, मूळ मुद्दा मान्य. मग सरळ तारखेप्रमाणे लावा ना! ज्याची तारीख आधी ते काम आधी. एवढा काथ्याकूट कशाला?

---

चाकणचा_प्लॅनर | ५ नोव्हेंबर, रात्री ९:४५

दादर, अर्धं बरोबर आहे. सगळं वेळेत बसत असेल तर तारखेप्रमाणे लावलेला क्रम कधीच फसत नाही. पण बसत नसेल तेव्हा हाच क्रम घात करतो, कारण तो सगळ्यांना थोडा थोडा उशीर वाटून देतो. ताईंच्याच आकड्यांवर दाखवतो.

कालपासून, मंगळवार ४ तारखेपासून, मोजू. ताईंकडे रविवार ९ पर्यंत ८ तास, सोमवार १० पर्यंत ९, बुधवार १२ पर्यंत ११, शुक्रवार १४ पर्यंत १३.

तारखेप्रमाणे: ओल ३ तास, झाले ३, चालतंय. इतिवृत्त ४, एकूण ७, नऊच्या आत, चालतंय. ड्रेस ८, एकूण १५. हातात ११. इथे फुटलं. तरी रेटलं तर ड्रेस चार तास उशिरा, आणि त्याच्या मागे विमाही १४ ला चुकणार.

अशा वेळी आमच्याकडे एक जुनी रीत आहे. जिथे फुटतं तिथे थांबायचं आणि तोवर घेतलेल्या कामांतलं सगळ्यात लांबलचक काम बाहेर काढायचं, मग पुढे चालायचं. कमीत कमी कामांना उशीर होतो. इथे सगळ्यात लांब ड्रेस. तो काढला की ओल, इतिवृत्त, विमा मिळून ८ तास, १४ पर्यंतच्या तेरात आरामात. पाच तास उरतात, त्यात दाखल्याचा एक आणि वारस नोंदीचे तीन. एक तास हाताशी.

तेव्हा ड्रेस भाड्याने आणा. रविवार कारंज्याजवळ मिळत असतील.

---

गोदाकाठ | ५ नोव्हेंबर, रात्री १०:३०

दादा, हिशोब पटला, पण ड्रेस नाही काढणार. गेल्या वर्षी भाड्याचा आणला होता, सैल होता, पिना लावून नाचली बिचारी. "या वर्षी आई शिवणार" असं वर्गभर सांगून ठेवलंय. मी तो 'महत्त्वाचा नाही' मध्ये का टाकला कोणास ठाऊक. बहुतेक शिवणकाम म्हटलं की आपोआप तिथे जातं.

---

चाकणचा_प्लॅनर | ५ नोव्हेंबर, रात्री १०:५०

मग ती रीत इथे लागू नाही. ती सगळी कामं सारख्या मोलाची धरते, आमच्या पार्टना भावना नसतात. ड्रेस ठेवायचा तर दुसरं काहीतरी काढा. तुमच्याकडे उमेदवार एकच दिसतो.

---

नोंदवही | ५ नोव्हेंबर, रात्री ११:१५

इतिवृत्त. १० तारीख कोणी दिली?

---

गोदाकाठ | ६ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

एका सभासदांनी. ग्रुपवर रोज विचारतात. सभा २८ सप्टेंबरला झाली.

---

नोंदवही | ६ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

वार्षिक सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताचा मसुदा समितीने तीन महिन्यांत अंतिम करायचा, असं आदर्श उपविधींत आहे. तुमच्या सोसायटीचे उपविधी एकदा उघडून बघा, पण तसं असेल तर डिसेंबरअखेरपर्यंत वेळ आहे. १० तारीख फक्त त्या गृहस्थांच्या आवाजात आहे.

यावर एक अभ्यासही झालाय, ग्राहक वर्तनावरच्या एका अमेरिकी नियतकालिकात २०१८ साली आला होता. दोन कामांतलं कमी मोबदल्याचं काम लोक निवडतात, का तर त्याला मुदत कमी दिलेली असते. ती मुदत खरं तर कोणालाही अडवत नव्हती, तरीसुद्धा.

---

फ्रांकफुर्टची_माई | ६ नोव्हेंबर, दुपारी २:१०

त्या सभासदांनाच लिहू द्या ना इतिवृत्त. ओरडतात एवढे तर.

---

निवांत_बसलोय | ६ नोव्हेंबर, दुपारी २:३०

माई, सोसायटीच्या राजकारणात तुम्ही नवीन दिसता.

---

चाकणचा_प्लॅनर | ६ नोव्हेंबर, दुपारी २:४५

इतिवृत्त बाहेर: ओल ३ आणि ड्रेस ८ मिळून ११, १२ तारखेच्या रात्री बरोबर ११. एक मिनिटही शिल्लक नाही. प्लंबर अर्धा तास उशिरा आला तर लेस राहिली. विमा १३ ला, एका तासात, म्हणजे १२ तास. हातात १३. बसतं, पण मी असा प्लॅन मॅनेजरपुढे ठेवला तर ते माझ्याकडे बघून नुसते हसतील.

---

चक्रपाणी_विमा | ६ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

विमा १३ ला ठेवू नका हो! मी याच धंद्यात आहे. बाकी कामांना एक दिवस उशीर म्हणजे बोलणी खाणं. इथे १४ च्या मध्यरात्रीनंतर गाडी रस्त्यावर काढली तर थर्ड पार्टी संरक्षण नाही, गुन्हा आहे आणि काही झालं तर सगळं तुमच्या अंगावर. खंड पडल्यावर परत पूर्ण पॉलिसी घ्यायची तर गाडीची तपासणी मागतात, त्यात दिवस जातात. नो क्लेम बोनस तेवढा ९० दिवस टिकतो, लोक तेवढंच लक्षात ठेवतात आणि गाफील राहतात. शेवटच्या दिवशी पेमेंट अडकलं की आम्हाला रात्री फोन.

आणि एक तास कशाला? त्याच कंपनीकडे नूतनीकरण असेल तर पंधरा मिनिटं. गाडीची ठरवलेली किंमत तेवढी तपासा.

---

चाकणचा_प्लॅनर | ६ नोव्हेंबर, दुपारी ४:००

मान्य. चौथी गोष्ट मीच लिहायला सांगितली आणि मीच विसरलो. काही तारखा उताराच्या असतात, घसरलं तरी हळूहळू घसरतो. काही कड्याच्या असतात. कड्याच्या कामाला शेवटच्या दिवसापर्यंत न्यायचं नाही. त्यात ते छोटं असेल तर आजच.

---

दातखीळ | ६ नोव्हेंबर, रात्री ९:००

दाढेबद्दल सगळे गप्प, म्हणून दंतवैद्य या नात्याने बोलते. या कामाला तारीख नाही म्हणून ते तुमच्या हिशोबात कधीच वर येणार नाही. त्याची मुदत खुणेवर आहे. गारेगार पाणी लागून दोन-चार सेकंदांत थांबत असेल तर बहुधा अजून भरून भागेल. गरम चहाने ठणका सुरू होऊन रेंगाळत असेल, किंवा रात्री आपोआप दुखून जाग येत असेल, तर नस गेली समजा. मग एका बैठकीचं काम रूट कॅनॉल आणि कॅपपर्यंत जातं. आणि दुखून दुखून अचानक थांबलं तर बरं झालं समजू नका.

सध्या कुठल्या खुणेवर आहात?

---

गोदाकाठ | ६ नोव्हेंबर, रात्री १०:२०

गार पाणी लागतं, लगेच थांबतं. चहाचं काही नाही. (मघाशी मुद्दाम पिऊन बघितला.)

---

दातखीळ | ६ नोव्हेंबर, रात्री १०:३५

मग आज फोन करून पुढच्या आठवड्यातली वेळ घ्या. एकदा वेळ घेतली की कामाला तारीख मिळाली, आता तुमच्या प्लॅनरदादांना ते दिसेल.

---

शांता_उवाच | ७ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

तीन दिवस वाचतेय. कोणी हे का विचारत नाही की या यादीत ताईंचे यजमान कुठे आहेत? वारस नोंद त्यांच्या वडिलांची. प्लंबर आला तर रविवारी तेही घरी असतील. दीर म्हणतात "कागदाचं तुम्ही बघाल". तासांची बेरीज चुलीत घाला, यादीच चुकीच्या माणसाच्या हातात आहे.

---

चाकणचा_प्लॅनर | ७ नोव्हेंबर, दुपारी १:३०

हे माझ्या खात्यात येत नाही. 😐 पण प्लंबरच्या वेळी ते थांबले तर ताईंना तीन तास मिळतात, आणि एक मिनिट शिल्लक नसलेला प्लॅन एकदम माणसात येतो.

---

निवांत_बसलोय | ७ नोव्हेंबर, दुपारी १:५०

दुसरं मशिन घरातच होतं आणि प्लॅनरला दिसलं नाही!

---

दादर_फास्ट | ७ नोव्हेंबर, दुपारी २:२०

शांताताई, प्रत्येक धाग्यात हे आणायलाच हवं का? काही घरांत ज्याला जे जमतं ते तो करतो. माझ्याकडे बँक-टॅक्स सगळं मीच बघतो.

---

शांता_उवाच | ७ नोव्हेंबर, दुपारी २:४०

आणि संमेलनाचे ड्रेस?

---

गोदाकाठ | १६ नोव्हेंबर, दुपारी ४:००

भांडू नका, अहवाल देते.

विमा ७ तारखेलाच डबा खाता खाता ऑफिसात केला, पंधरा नाही, वीस मिनिटं. रविवारी प्लंबरजवळ हे थांबले, मी आत मशीन घेऊन बसले. ड्रेस १२ च्या रात्री साडेअकराला झाला, खालच्या घेराची लेस हातशिलाईने टाकली, कोणाला कळलं नाही. ओल मात्र मिटलेली नाही. प्लंबर म्हणाला दोन दिवस बाथरूम अजिबात वापरू नका, तरीही ओल वाढली तर पाण्याची लाइन, नाहीतर निचऱ्याची. दुसरं बाथरूम नाही आमच्याकडे, त्यामुळे ते लटकलंय.

वारस नोंदीत अपेक्षित ठिकाणी अडकलं. नणंदेच्या आधारवर लग्नानंतरचं नाव, सासऱ्यांच्या जुन्या कागदात माहेरचं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असं प्रतिज्ञापत्र ती सुरतेहून करून पाठवतेय. अर्ज उद्या, १७ ला जायला हवा होता, आता २० धरलाय. ५ तारखेला मेसेज टाकला नसता तर हे आत्ता कळलं असतं.

दाढ १९ ला, संध्याकाळी साडेसहा.

इतिवृत्त केलेलं नाही. त्या सभासदांना ग्रुपवर उपविधीतलं वाक्य टाकलं. त्यावर त्यांनी ४१ ओळींचं उत्तर लिहिलंय, मी वाचलेलं नाही. ते चौथ्या चौकोनात.

---

सातबारा_उतारा | १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:१०

तीन दिवसांनी काही बिघडत नाही, पण दिरांना आजच सांगून ठेवा की फाइल पहिल्या ऐवजी दुसऱ्या आठवड्यात. प्रतिज्ञापत्रात दोन्ही नावं पूर्ण लिहायला सांगा, वडिलांच्या नावासकट. आमच्याकडे एका काकूंचं मधलं नाव राहिलं आणि हरकत कोणी घेतली नसतानाही नोंद परत आली.

---

कोथरूडचे_आजोबा | १७ नोव्हेंबर, सकाळी ५:४५

गोदाकाठ यांस, सर्व वाचले. वडिलांच्या दाखल्याचा उल्लेख कुठेच आढळला नाही. झाला का? ३० तारखेला रविवार आहे आणि २२ ला चौथा शनिवार, बँक बंद.

---

गोदाकाठ | १७ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

आजोबा, ८ तारखेला झाला. शेजारच्या मुलाने पहिल्यांदा बाबांना खिडकीसमोर पाठ करून बसवलं होतं, मी फोनवरून ओरडले.